मधलं पान

अंबा : ह्याच्यासाठी मला ओरत्तनाडूहून बसनं यायला लावलंस? गोष्ट ऐकायला?

भुवना : आत्या, आधी कापी घ्या. गार होतेय.

अंबा : कापी घेतेच की. पण उत्तर दे. काल तुमच्या गल्लीतल्या एस्‌टीडी बूथवरनं फोन, तोही आमच्या शेजाऱ्यांकडे. "भाचीनं उद्याच्या उद्या बोलावलंय." मला वाटलं, कोणी गेलं. बसमध्ये एकेकाचं नाव घेत आले. येथे येऊन बघते तर तू धडधाकट, आणि मांडीवर कागद.

भुवना : गोष्ट एकच आहे, पण दोनदा लिहिलीय. एकदा 'मी' म्हणून, एकदा 'ती' म्हणून. पुण्याच्या संपादकबाईंनी पत्र पाठवलंय. दिवाळी अंकात घेतो म्हणतात. पण 'मी'तली गोष्ट त्यांना खटकतेय, 'ती'त लिहून बघा म्हणाल्या. लिहिली. आता मलाच ठरवता येत नाही. पाच वाजता कुरियरवाला पाकिटं नेतो, आणि पाठवायची शेवटची तारीख आजच.

अंबा : आणि तुला ठरवून देणार मी. आठवीत शाळा सोडलेली. तुझ्या इन्शुरन्स ऑफिसात आपल्यातल्या एवढ्या बीए झालेल्या बाया आहेत, त्यांना नाही विचारलंस?

भुवना : त्यांना घरातलं मराठी बोलता येतं, आत्या, पण शाळा इकडची तमिळ, बाळबोध अक्षरं वाचता येत नाहीत. आपल्यापैकी कितीजणांना येतात? बोटांवर मोजा.

अंबा : वाचून दाखवलंस तर कळेल की त्यांना. मलाही वाचूनच दाखवणार आहेस ना.

भुवना : तुमची चाळिशी?

अंबा : विसरले. घाईत निघाले ना, कोण गेलं म्हणून. खरं सांग, भुवने. काय म्हणून मी?

भुवना : गोष्टीत तुम्ही आहात.

अंबा : हं. आता आली गाडी रुळावर. कोणती मी? आताची, की कीर्तन शिकत होते तेव्हाची?

भुवना : तेव्हाची. अठ्ठ्याहत्तर साल. तुम्ही चोवीस वर्षांच्या. मी बारा.

अंबा : अठ्ठ्याहत्तर. पुण्याच्या पत्राचं साल.

भुवना : हो.

अंबा : ते उकरून काढायला कोणी सांगितलं तुला? माझं लग्न झालं, संसार झाला, दोन पोरं मोठी झाली. मी कधी त्या पत्राचं नाव काढलं?

भुवना : नाही काढलंत. पण विसरलाही नाहीत. जयतीर्थबुवांच्या घरावरनं जायचं टाळायला तुम्ही आजही रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्यानं आणता.

अंबा : त्याचं नाव माझ्यापुढे घेऊ नकोस.

भुवना : गोष्टीत ते आहेत. घ्यावं लागेल.

अंबा : मग वाच. 'मी'तली आधी. कान आहेत माझे चांगले.

भुवना : "मी बारा वर्षांची होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या घरात आजोबांचा शब्द शेवटचा. ते माजघरातल्या ऊंजलावर बसून झोके घेत आणि त्या झोक्यांच्या करकरीवरून आम्हाला त्यांची मर्जी कळे. घरात मराठी सगळे बोलत, पण वाचणारी एकटी आत्या. पण देशाकडची पत्रं घरच्या पोरीनं वाचलेली आजोबांना चालत नसे; म्हणून दर शुक्रवारी कीर्तनकार जयतीर्थबुवा येत, दारापुढच्या तिण्णैच्या ओट्यावर बसत आणि ती आजोबांना वाचून दाखवत. त्याच तिण्णैवर ते आत्याला कीर्तनही शिकवत. आणि आत्या, शिकता शिकता, मला तांदळाच्या पिठात अक्षरं काढायला शिकवी. माझी अर्धीच शिकून झाली होती."

अंबा : थांब. ही बोलणारी कोण आहे?

भुवना : मी. म्हणजे गोष्टीतली मुलगी.

अंबा : परकर-पावडै नेसलेली, की हापिसात जाणारी?

भुवना : असं का विचारता?

अंबा : बारा वर्षांची पोर कधी म्हणेल का, "मी बारा वर्षांची होते"? ती म्हणेल, माझ्या रिबिनी कोठे आहेत. हे तीस वर्षांची बाई बोलते. मागं वळून बघते. म्हणजे ह्या एका 'मी'त दोघी बसल्यात. एक तेव्हा बघणारी, एक आता सांगणारी.

भुवना : तुम्हाला कसं कळलं हे? संपादकबाईंनी पत्रात अगदी हेच लिहिलंय. सांगणाऱ्या 'मी'ला सगळं आधीच माहीत असतं. ती काय सांगते आणि काय मागं ठेवते ह्यावर नजर ठेवा, असं.

अंबा : बाई हुशार आहे. मग ती काय मागं ठेवते?

भुवना : ऐका ना पुढं. "एके शुक्रवारी दुपारी टपालवाला पत्र देऊन गेला. आत्या देवळात गेली होती. पाकिटावर पत्ता इंग्रजीत होता, आत बाळबोध. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. आतल्या अक्षरांचा मला काही बोध झाला नाही. भीतीनं माझे डोळे मोठे झाले—"

अंबा : कोणी बघितले?

भुवना : काय?

अंबा : डोळे मोठे झालेले. समोर आरसा होता? 'मी' म्हणणारीला आपलं तोंड दिसत नाही, पोरी. छातीत धडधडलं म्हण, हात गार पडले म्हण. डोळे मोठे झाले हे बघणारा कोणी तरी दुसरा पाहिजे. कीर्तनात आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पोर हरवलेल्या आईचं सोंग घेतलंस तर तिच्या आतनं बोल. तिचं रडवेलं तोंड सांगायचं असेल तर सोंग सोड, पदर सारखा कर, बुवा होऊन सांग.

भुवना : बरोबर आहे. खोडते. "हात गार पडले. मी पाकीट आजोबांच्या हातात दिलं. तेवढ्यात जयतीर्थबुवा आले. त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. संध्याकाळी आजोबांच्या हातात ते पत्र होतं आणि ते गरजत होते. पुण्याला सहा महिने राहून कीर्तन शिकायला ये, असं तिथल्या एका संस्थेनं आत्याला कळवलं होतं. आजोबांनी पत्राचे चार तुकडे केले. दोन महिन्यांत आत्याचं लग्न झालं. मला काहीच माहीत नव्हतं. मी लहान होते."

अंबा : हं.

भुवना : काय झालं?

अंबा : काही नाही. पटलं. जे मला अठरा वर्षं वाटत होतं तेच लिहिलंस की तू. बुवानं वाचून दाखवलं. आधी स्वतःच माझ्यासाठी पुण्याला शिफारस लिहिली, मग आजोबांपुढे उभं राहायची वेळ आली तर कच खाल्ली आणि सगळं सांगून मोकळा झाला. आजोबांनी तर त्या रात्री मला तोंडावर सांगितलं होतं, "तुझ्या बुवाकडूनच कळलं."

भुवना : ...हो. तुम्ही सांगितलंत मला.

अंबा : आणि दुसऱ्या दिवशी तो दाराशी आला तेव्हा मी विचारलं, "तुम्ही केलंत?" एक शब्द बोलला नाही. ज्याला बोलायला दीड तास आणि दोन झांजा कमी पडायच्या, तो गप्प! मी म्हटलं, पुन्हा ह्या उंबऱ्याशी येऊ नका. गल्लीत घरोघर सांगितलं, पोरींना ह्याच्याकडे धाडू नका, घरातली भांडी बाहेर वाजवतो हा. एकीचीही आई धाडेना मग. शेवटी सगळं बंद पडलं त्याचं. योग्यच झालं. नाही?

भुवना : आत्या, दुसरी ऐकायची ना?

अंबा : विचारलं ते सांगितलं नाहीस.

भुवना : चार वाजत आलेत. कुरियर—

अंबा : शरी, शरी, बरं. वाच. पण जवळ ये. आणि कागद त्या फळीवर ठेवू नकोस, मला दिसतील असे धर.

भुवना : चाळिशीशिवाय तुम्हाला काय दिसणार?

अंबा : किती आहेत ते तरी दिसेल. वाच.

भुवना : "ती पिठात 'ज्ञ' काढत होती. ज्ञ म्हणजे कोण्या शहाण्या माणसानं पोरांना छळायला केलेलं अक्षर. आत्या आरशापुढे केस विंचरत होती आणि पुटपुटत होती. देवळात जाते म्हणाली. आत्या खोटं बोलत होती. देवळात जाताना कोणी जाईची फुलं दोनदा माळत नाही."

अंबा : अय्यो! मी खोटं बोलत होते? कोण म्हणतं? तू?

भुवना : मी नाही. ती पोर.

अंबा : पण 'तिला वाटलं' असं कोठे लिहिलंस? सरळ लिहिलंस, आत्या खोटं बोलत होती.

भुवना : तीच तर ह्या तऱ्हेची गंमत आहे. लिहिणारी 'ती' म्हणते, पण उभी राहते त्या पोरीच्या अगदी खांद्याला खांदा लावून. दरवेळी 'तिला वाटलं, तिला वाटलं' लिहायचं नाही. पोरीचा विचार पोरीच्याच शब्दांत, पण सांगणारीच्या वाक्यात सोडून द्यायचा. वाचणाऱ्याला कळतं की हे पोरीचं मत आहे, आणि हेही कळतं की ते चुकीचं असू शकतं. तुम्ही खरंच देवळात गेला होतात.

अंबा : देवळातच गेले होते. फुलं दोनदा माळली कारण पहिला गजरा तुटला.

भुवना : बघा. 'मी'त लिहिलं असतं तर तीस वर्षांच्या बाईला म्हणावं लागलं असतं, "तेव्हा मला उगाच असं वाटलं." येथे पोर चुकते, आणि ती चुकतेय हे तिला कोणी सांगत नाही.

अंबा : हे आम्हालाही होतं. बुवा... ते कीर्तनात म्हणायचे, "राणी दाराशी आली. आता कोठे जायचं? माहेर तर लांब." 'राणी म्हणाली' नाही, सोंग नाही, पदर नाही. बुवाच बोलतायत, पण लोक रडायचे ते राणीच्या बोलण्यानं.

भुवना : तेच. अगदी तेच.

अंबा : पुढं वाच. चांगलं आहे हे. पहिल्यापेक्षा चांगलं आहे. म्हणून मला जास्त संशय येतो.

भुवना : "आत्याचा गजरा वासावरून ओळखू येई. आत्या पुण्याला गेली तर हा वास घरात राहणार नाही. पुण्याचं काही तरी चाललंय हे तिला ठाऊक होतं. तिण्णैवर दोघं कुजबुजत ते तिला खिडकीतून ऐकू येई. मागच्या शुक्रवारी बुवांची वही तिण्णैवर राहिली होती, तेव्हा तिनं तिच्यातली कीर्तनात म्हणायची एक दिंडी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाचली होती. मान वर केली तर बुवा उभे. ते हसले. बुवा कोणाला सांगणार नव्हते. बुवा तसे नव्हतेच."

अंबा : पुन्हा वाच.

भुवना : कोणतं?

अंबा : दिंडी एका दमात वाचली ते. पहिल्या गोष्टीत हिची अर्धी अक्षरं शिकून झाली होती. आता सबंध दिंडी वाचते. एका आठवड्यात?

भुवना : गोष्ट आहे, आत्या. दुसऱ्यांदा लिहिताना थोडं बदलतं.

अंबा : बदलतं, का खरं होतं? बरं, पुढं.

भुवना : "टपालवाला आला तेव्हा घरात आजोबा आणि ती. आई विहिरीवर. पाकीट एका कोपऱ्यात सुटलेलं होतं. तिनं ते आणखी जरासं सुटू दिलं. मग ती ऊंजलापाशी जाऊन उभी राहिली. आजोबांनी झोका थांबवला."

अंबा : मग?

भुवना : "संध्याकाळी पत्राचे चार तुकडे—"

अंबा : थांब. मग? झोका थांबवला, आणि एकदम संध्याकाळ?

भुवना : मध्ये जागा सोडलीय. लेखक सोडतात अशी. वाचणाऱ्यानं भरायची असते.

अंबा : मला शिकवू नको. पहिल्या गोष्टीत ह्याच जागी काय होतं? "त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही." तीस वर्षांची बाई अठरा वर्षांमागचं विसरली, चालतं, माणूस विसरतं. पण हिच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेस ना तू? पोर आता, ह्या घटकेला ऊंजलापाशी उभी आहे. तिच्यापुढे घडतंय. तिला कसा विसर पडेल? तिनं डोळे मिटले का? झोपली?

भुवना : आत्या...

अंबा : आणि दुसरं. पहिल्यात होतं, "आतल्या अक्षरांचा मला काही बोध झाला नाही." आणि शेवटी, "मला काहीच माहीत नव्हतं." ती दोन्ही वाक्यं ह्यात आली नाहीत.

भुवना : यायची आहेत पुढं.

अंबा : येणार नाहीत. सांगू का, काय म्हणून? 'मला माहीत नव्हतं' हे कोणीही म्हणतं. कोर्टात म्हणतात, नवऱ्यापुढे म्हणतात. ते म्हणणाऱ्याचं म्हणणं, खरं असो नसो. पण 'तिला माहीत नव्हतं' असं लिहिलंस तर ते लिहिणारीनं स्वतः शपथेवर सांगितल्यासारखं झालं. आणि तुझ्यानं ते लिहवेना.

भुवना : शेवटचं पान तरी वाचू द्या, आत्या.

अंबा : किती पानं आहेत दुसऱ्या गोष्टीची?

भुवना : चार.

अंबा : वरची तीन तू वाचलीस, संध्याकाळचं तुझ्या हातात आहे. ती झाली चार. आणि पहिल्या गोष्टीच्या खाली ठेवलंय ते पाचवं? त्याची शाई दुसऱ्या गोष्टीसारखी निळी आहे. पहिली काळ्यानं लिहिलीस तू.

भुवना : तुम्हाला दिसतंय?

अंबा : पिशवी दे माझी. ही बघ चाळिशी. सकाळपासून पिशवीतच आहे. तू कशी वाचतेस, कोठे अडखळतेस, ते मला ऐकायचं होतं. फोन आला तेव्हापासून माझं मन सांगत होतं, ही पोर काही तरी लपवायला बोलावते किंवा सांगायला. पान दे.

भुवना : ते कच्चं आहे. पाठवायचं नव्हतं.

अंबा : दे म्हणते ना. पिठात अक्षरं काढायला कोणी शिकवलं तुला?

भुवना : घ्या.

अंबा : "आजोबांनी झोका थांबवला. काय ते? तिनं वाचून दाखवलं. सगळं. पुणे, सहा महिने, राहण्याची सोय, कीर्तन. 'ज्ञ' सुद्धा आला मध्ये एकदा, तिथं ती अडली नाही. आता आजोबा आत्याला जाऊ देणार नाहीत. आत्या येथेच राहील. वेणी घालील, पिठात अक्षरं काढील. आजोबांनी विचारलं, तुला तर अर्धीच अक्षरं येतात, हे आधी तुला कोणी वाचून दाखवलं? दुसऱ्याचं पत्र उघडलं म्हणून आजोबा वेताची छडी काढतील. मार चुकवायला एकच नाव होतं. 'बुवांनी,' ती म्हणाली. तेवढंच तर म्हणाली. एका शब्दानं काय होतंय. बुवा मोठे आहेत, त्यांना कोण मारणार."

भुवना : आत्या, पाणी देऊ?

अंबा : "तेवढंच तर म्हणाली." हे कोण बोलतंय?

भुवना : ती पोर.

अंबा : आणि तू? अठरा वर्षं?

भुवना : मीही. मीही तेच म्हणत राहिले. तेवढंच तर म्हणाले, लहान होते. 'मी' म्हणून लिहायला बसले की हात आपोआप तिथून वळायचा. आठवत नाही, माहीत नव्हतं, लहान होते. सहा वेळा लिहिलं, सहा वेळा तसंच झालं. मग बाईंचं पत्र आलं, 'ती'त लिहा. 'ती' लिहिलं आणि वाटलं, ही कोणी तरी दुसरीच पोर आहे, तिला ऊंजलापाशी नेऊन उभी करायला काय हरकत आहे. नेली. आणि ती बोलली. मग ते पान मीच पहिल्या गोष्टीखाली सरकवलं.

अंबा : मला का वाचून दाखवलंस मग? हे पान काढून? पहिलीच पाठवायला माझ्या तोंडून होकार पाहिजे होता?

भुवना : असेल. किंवा तुम्ही पकडावं म्हणून. खरंच सांगता येत नाही. मला वाटलं होतं तुम्ही पहिली निवडाल, आणि मी म्हणेन, आत्यांनीच निवडली.

अंबा : तुझी आई मेली तेव्हा बुवा स्मशानात आले होते. लांब, झाडाखाली उभे होते. मी पदर ओढून घेतला. त्या माणसाच्या हातचं मी पाणीसुद्धा घेतलं नसतं. आणि त्यांनी काय केलं होतं? काही नाही. भुवने, मला तुझ्या कानाखाली द्यावीशी वाटते.

भुवना : द्या.

अंबा : बारा वर्षांची असतीस तर दिली असती. आता देऊन काय उपयोग. ती दुसरी पोर, जिला तू ऊंजलापाशी उभी केलीस, तिचं मला वाईट वाटतं. वेणीसाठी केलं तिनं. तुझा मात्र राग येतो. वीस वर्षांची झालीस, पंचवीसची झालीस, लग्न झालं, तरी माझ्याजवळ येऊन बोलली नाहीस. आणि मी! विचारलं त्यांना, गप्प राहिले म्हणून चोर ठरवलं. गल्लीभर मी सांगितलं, तू नाही. ते माझं मीच केलं.

भुवना : साडेचार वाजले. कोणती पाठवू?

अंबा : कोणतीच नाही. 'ती'तली खरी आहे, पण तिच्यात जाब द्यायला कोणी नाही. कोणी तरी पोर होती, तिनं कोणाचं तरी नाव घेतलं, वाचणारा हळहळेल आणि पान उलटेल. 'मी'तलीत जाब देणारी आहे, पण ती खोटं बोलते. तुला 'मी'च लिहायला पाहिजे. हे मधलं पान घालून. दोघी आहेत ना त्या 'मी'त? बारा वर्षांचीनं केलं ते बारा वर्षांचीच्या तोंडून येऊ दे. आणि तीस वर्षांचीला विचार, एवढी वर्षं काय करत होतीस. तेही लिही. सांभाळून घेऊ नको तिला.

भुवना : शेवटची तारीख आज आहे.

अंबा : बाईला फोन कर. चार दिवस दे म्हण. नाही दिले तर पुढच्या वर्षीच्या अंकात. अठरा वर्षं थांबलीस, एक वर्ष जड आहे? पण एक वाचन आजच करायचं आहे. नव्या कागदावर पहिल्या चार ओळी लिही. येथे, माझ्यापुढे. मग रिक्षा बोलाव. आणि त्याला सांग, जवळच्या रस्त्यानं.

(त्याच दिवशी, साडेपाचच्या सुमाराला. जयतीर्थबुवांचं घर. दार उघडंच आहे.)

जयतीर्थ : कोण ते? पुढं या, मला अंधुक दिसतं आता.

भुवना : नमस्कार करते, बुवा. मी भुवनेश्वरी. रघोजीरावांची नात.

जयतीर्थ : भुवना! ये ये, बाळ. बस. ती चटई ओढून घे. बाहेर तिण्णैवर आणखी कोणी बसलंय का? बांगड्या वाजल्यासारख्या वाटल्या.

भुवना : आहेत. त्या म्हणाल्या, आधी तू वाच, मग मी आत येते. ते बोलावतील तर.

जयतीर्थ : असं म्हणाली? बरं. असू दे. काय वाचायला आणलंस?

भुवना : गोष्ट आहे. पुरी झाली नाही अजून.

जयतीर्थ : मराठीत? वा. आपल्या गावात मराठीत लिहिणारं कोणी राहिलं म्हणायचं. कोणाची गोष्ट?

भुवना : माझी.

जयतीर्थ : वाच. सावकाश वाच, ऐकणाऱ्याला घाई नाही.

भुवना : "मी बारा वर्षांची होते. घरात सगळ्यांना वाटायचं, मला अर्धीच अक्षरं येतात. मला वाचता येत होतं."

जयतीर्थ : ते मला ठाऊक होतं, बाळ; म्हणून तर तेव्हा मी तोंड उघडलं नाही. पुढं वाच. आणि जरा मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं.